दर चढत असताना शिल्लक मालाची किंमत: फिफो आणि भारित सरासरी

व्यापाराचा वर्षाचा नफा काढताना लागणारे बहुतेक आकडे कुठल्या ना कुठल्या कागदावर लिहिलेले असतात. विक्री बिलांवर असते, खरेदी पुरवठादाराच्या चलनावर असते, भाडे आणि पगार बँकेच्या खात्यात दिसतात. एक आकडा मात्र कोणत्याच कागदावर छापलेला नसतो, तो ठरवावा लागतो. तो म्हणजे ३१ मार्चला गोदामात उरलेल्या मालाची किंमत. नग किती उरले हे मोजून कळते, पण ते नग कोणत्या दराने धरायचे हे मोजून कळत नाही, कारण वर्षभरात तोच माल वेगवेगळ्या दरांनी आलेला असतो.

या प्रश्नाची दोन उत्तरे भारतात सर्रास वापरली जातात. पहिली रीत ‘फिफो’, म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असे मानणे. या रीतीत जुन्या खरेदीची किंमत विकलेल्या मालाला लागते आणि शिल्लक मालाला सर्वांत अलीकडच्या खरेदीचा दर मिळतो. दुसरी रीत भारित सरासरीची. यात आलेल्या सगळ्या मालाची एकूण किंमत एकूण नगांनी भागतात आणि तोच दर विकलेल्या व उरलेल्या प्रत्येक नगाला लावतात. खरेदीचे दर स्थिर असतील तर दोन्ही रीतींचे उत्तर एकच येते. दर चढू लागले की मात्र उत्तरे वेगळी होतात, आणि तो फरक थेट नफ्यात उतरतो.

दोन्ही रीती हिशेबापुरत्या आहेत. दुकानदार प्रत्यक्षात कोणता नग आधी उचलतो याच्याशी त्यांचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. मुदत संपण्याच्या भीतीने जुना डबा आधी विकणारा व्यापारीही हिशेबाला भारित सरासरी वापरू शकतो. अट एवढीच की नग एकमेकांसारखे, अदलाबदल करता येण्याजोगे असावेत. प्रत्येक वस्तू वेगळी ओळखता येत असेल, उदाहरणार्थ नंबर असलेली यंत्रे किंवा एखाद्या ठरावीक कामासाठीच आणलेला माल, तर तिथे त्या त्या वस्तूची स्वतःची खरेदी किंमतच धरावी लागते.

एक वर्षाचा हिशेब

खाद्यतेलाच्या घाऊक व्यापाऱ्याचे उदाहरण घेतले की फरक आकड्यांत दिसतो. दर समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. १ एप्रिलला गोदामात १०० डबे आहेत, प्रत्येकी १,८०० रुपयांचे. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात ३०० डबे १,९०० रुपयांनी आले, सप्टेंबरात ३०० डबे २,०५० रुपयांनी आणि जानेवारीत ३०० डबे २,२०० रुपयांनी. एकूण १,००० डबे झाले आणि त्यांची एकूण किंमत २०,२५,००० रुपये. वर्षभरात ८०० डबे विकले गेले, त्यांचे १८,००,००० रुपये आले, आणि २०० डबे उरले.

हे २०,२५,००० रुपये दोनच ठिकाणी जाऊ शकतात. त्यांतले काही विकलेल्या मालाच्या किमतीत जातील, बाकीचे शिल्लक मालात राहतील. शिल्लक मालाकडे एक रुपया जास्त गेला की विकलेल्या मालाकडे एक रुपया कमी जातो आणि नफा एका रुपयाने वाढतो. साऱ्या विषयाचा पाया हाच आहे.

फिफोने उरलेले २०० डबे जानेवारीच्या आवकेतले धरले जातात. त्यांची किंमत २०० गुणिले २,२००, म्हणजे ४,४०,००० रुपये. भारित सरासरीने २०,२५,००० रुपयांना १,००० डब्यांनी भागले की डब्याचा दर २,०२५ रुपये येतो आणि शिल्लक ४,०५,००० रुपयांची होते.

| | फिफो | भारित सरासरी |
|---|---|---|
| विक्री | १८,००,००० | १८,००,००० |
| विकलेल्या मालाची किंमत | १५,८५,००० | १६,२०,००० |
| ढोबळ नफा | २,१५,००० | १,८०,००० |
| अखेरचा साठा | ४,४०,००० | ४,०५,००० |

व्यापार तोच, डबे तेच, पुरवठादाराला दिलेले आणि गिऱ्हाइकाकडून आलेले पैसेही तेच. तरी ढोबळ नफा एका रीतीने विक्रीच्या सुमारे १२ टक्के दिसतो आणि दुसरीने बरोबर १० टक्के. ३५,००० रुपयांचा हा फरक नफा-तोटा पत्रकात जेवढा आहे तेवढाच ताळेबंदात शिल्लक मालाच्या रकमेत आहे.

सरासरी केव्हा काढली यावरही उत्तर बदलते

वर उदाहरणात सरासरी वर्षअखेरीस एकदाच काढली. या रीतीत एप्रिलमध्ये विकलेल्या डब्यालाही जानेवारीच्या महाग खरेदीचा वाटा लागतो. संगणकावर हिशेब ठेवणारे व्यापारी बहुधा दुसरी पद्धत वापरतात. प्रत्येक नव्या आवकेनंतर, त्या क्षणी हाती असलेल्या मालाची सरासरी नव्याने काढली जाते. तिला चलती सरासरी म्हणतात. लेखामानकांना दोन्ही मान्य आहेत.

याच व्यापाऱ्याने एप्रिलच्या आवकेनंतर सप्टेंबरपर्यंत ३०० डबे विकले, सप्टेंबर ते जानेवारीत ३०० आणि जानेवारीनंतर २००, असे धरू. एप्रिलच्या आवकेनंतर ४०० डब्यांचा सरासरी दर १,८७५ रुपये होतो. सप्टेंबरात जुने १०० डबे या दराने आणि नवे ३०० डबे २,०५० रुपयांनी एकत्र आले की दर २,००६ रुपये २५ पैसे होतो. जानेवारीत पुन्हा तसेच केले की तो सुमारे २,१५१ रुपये ५६ पैशांवर जातो. मार्चअखेरच्या २०० डब्यांची किंमत त्यामुळे सुमारे ४,३०,३०० रुपये येते. फिफोशी फरक ३५,००० वरून सुमारे ९,७०० रुपयांवर उतरतो.

कारण सोपे आहे. चलती सरासरीत स्वस्त जुने डबे विकले जातात तशी त्यांची किंमतही हिशेबातून बाहेर पडत जाते, म्हणून हातातला दर बाजारभावाच्या मागोमाग चढतो. माल जितका लवकर फिरतो तितकी चलती सरासरी फिफोच्या जवळ सरकते. दोन-तीन दिवसांचाच साठा ठेवणाऱ्या दुकानात दोन्ही रीतींचा फरक जवळजवळ दिसत नाही, आणि महिनोन् महिने माल पडून राहणाऱ्या लाकडाच्या वखारीत तो ठळक दिसतो. फिफोचे उत्तर मात्र हिशेब रोज केला किंवा वर्षातून एकदा केला तरी बदलत नाही, कारण सर्वांत शेवटी आलेले २०० डबे दोन्ही वेळी तेच असतात.

जास्त दिसणारा नफा कशाचा बनतो

फिफोने दाखवलेले जादा ३५,००० रुपये खोटे नाहीत, पण ते कशातून आले हे पाहावे लागते. एप्रिलमध्ये १,९०० रुपयांना घेतलेला डबा सप्टेंबरात २,१५० रुपयांना विकला तर वहीत २५० रुपये नफा लिहिला जातो. त्याच वेळी रिकामी झालेली जागा भरायला नवा डबा २,०५० रुपयांना घ्यावा लागतो. व्यापार आहे तेवढाच चालू ठेवायचा असेल तर प्रत्यक्षात खिशात उरतात १०० रुपये. बाकीचे १५० रुपये विक्रीच्या कौशल्याचे नसून माल हाती असताना दर चढल्याचे आहेत, आणि ते पुढच्या डब्यातच अडकून राहतात.

दर चढत असताना फिफो जुनी स्वस्त किंमत नव्या चढ्या विक्रीसमोर मांडते, म्हणून हा दरवाढीचा लाभ नफ्यात पूर्ण उतरतो. वर्षअखेरची भारित सरासरी नंतरच्या महाग खरेदीचा वाटा आधीच्या विक्रीला लावते, म्हणून तिच्या नफ्यात तो थोडा कमी येतो. तेलशुद्धीकरण कंपन्यांच्या तिमाही निकालांत साठ्यावरचा लाभ किंवा तोटा म्हणून ज्याची चर्चा होते तो याच जातीचा असतो. कच्च्या तेलाचा दर चढत असताना आधी घेतलेले तेल शुद्ध करून नव्या दराने विकले जाते आणि नफा फुगतो. दर उतरू लागला की तेच चक्र उलटे फिरते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ताळेबंदात २०० डबे ४,४०,००० रुपयांचे लिहिणे हे मार्चमधल्या बाजाराच्या जास्त जवळ आहे, कारण तोच माल पुन्हा घ्यायचा तर साधारण तेवढेच पडतील. भारित सरासरीचा ४,०५,००० हा आकडा मागे राहिलेला असतो. फिफोत ताळेबंद ताजा आणि नफा जुन्या किमतींवर उभा असतो. भारित सरासरीत दोन्ही थोडे थोडे मधल्या जागी येतात.

दुसऱ्या वर्षी काय होते

दर चढत राहिले तर फिफोचा नफा दर वर्षी जास्त येणार, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. एका वर्षाचा अखेरचा साठा पुढच्या वर्षाचा आरंभीचा साठा बनतो. फिफोने पहिल्या वर्षी जे ३५,००० रुपये शिल्लक मालात जास्त ठेवले, तेच दुसऱ्या वर्षी विकलेल्या मालाच्या किमतीत जास्त येऊन पडतात.

दुसऱ्या वर्षी व्यापाऱ्याने जूनमध्ये ४०० डबे २,३०० रुपयांनी आणि डिसेंबरात ४०० डबे २,४५० रुपयांनी घेतले असे धरू. खरेदी १९,००,००० रुपयांची झाली. ८०० डबे विकले, २०० उरले. फिफोने अखेरचा साठा २,४५० च्या दराने ४,९०,००० रुपये आणि विकलेल्या मालाची किंमत १८,५०,००० रुपये येते. वर्षअखेरच्या भारित सरासरीने दर २,३०५ रुपये पडतो, साठा ४,६१,००० रुपयांचा आणि विकलेल्या मालाची किंमत १८,४४,००० रुपये. दर वर्षभर चढतच होते, तरी या वर्षी फिफोचा नफा भारित सरासरीपेक्षा ६,००० रुपयांनी कमी आहे.

साठ्यातली दरी पाहिली की याचे कारण कळते. पहिल्या वर्षअखेरीस शेवटच्या आवकेचा दर सरासरीपेक्षा १७५ रुपयांनी वर होता, दुसऱ्या वर्षअखेरीस १४५ रुपयांनी. २०० डब्यांवर ही दरी ३५,००० वरून २९,००० झाली. एखाद्या वर्षाच्या नफ्यातला फरक हा साठ्यातल्या दरीइतका नसतो, त्या वर्षात दरी किती वाढली किंवा घटली तेवढाच असतो. दरवाढीचा वेग वाढला किंवा अखेरीस जास्त नग उरले तर दरी रुंदावते आणि फिफोचा नफा पुढे जातो. दरवाढ चालू आहे पण वेग मंदावला, तर दरी आकसते आणि भारित सरासरी पुढे जाते.

तिसऱ्या वर्षी व्यापाऱ्याने उरलेले २०० डबे विकून तेलाचा धंदा बंद केला, तर फिफोने त्या डब्यांची किंमत ४,९०,००० धरली जाईल आणि भारित सरासरीने ४,६१,०००. त्या वर्षी भारित सरासरीचा नफा २९,००० रुपयांनी जास्त येईल. तिन्ही वर्षांची बेरीज केली की पहिल्या वर्षी फिफोकडे जास्त गेलेले ३५,००० रुपये ६,००० आणि २९,००० होऊन पुरते फिटतात. एकूण नफा दोन्ही रीतींनी एकच राहतो, तो कोणत्या वर्षात दाखवला जातो एवढेच बदलते.

कर आणि कर्ज

वर्ष बदलण्याला पैशात किंमत आहे. ३० टक्के दराने कर भरणाऱ्या भागीदारी संस्थेला पहिल्या वर्षी फिफोमुळे १०,५०० रुपये जास्त प्राप्तिकर भरावा लागेल, उपकर वेगळा. पुढे तो कमी होऊन भरून निघतो, पण तोवर रोकड हातातून गेलेली असते. उलट, मालावर खेळते भांडवल देणारी बँक साठ्याच्या विवरणपत्रावरून उचल मर्यादा ठरवते. २५ टक्के मार्जिन धरले तर फिफोच्या साठ्यावर ३,३०,००० रुपयांपर्यंत आणि भारित सरासरीच्या साठ्यावर ३,०३,७५० रुपयांपर्यंत उचल बसते, पुरवठादारांचे देणे वजा करण्यापूर्वी.

अशा ओढीमुळे रीत दर वर्षी सोयीने बदलण्याचा मोह होतो. नियमांनी तो दरवाजा बंद ठेवला आहे. सनदी लेखापालांच्या संस्थेचे लेखामानक २ आणि मोठ्या कंपन्यांना लागू असलेले इंड-एएस २ फिफो व भारित सरासरी या दोन्ही रीतींना परवानगी देतात, पण इंड-एएस २ सारख्याच स्वरूपाच्या आणि वापराच्या मालाला एकच रीत लावायला सांगते. प्राप्तिकरासाठी उत्पन्न गणना व प्रकटीकरणाची जी मानके २०१७-१८ या करनिर्धारण वर्षापासून लागू झाली, त्यांतले साठ्याचे मानकही याच दोन रीती मान्य करते आणि एकदा स्वीकारलेली रीत वाजवी कारणाशिवाय बदलू देत नाही. लेखापुस्तकांत रीत बदलली तर तो बदल आणि त्याचा परिणाम उघड करावा लागतो. शेवटी आलेला माल आधी गेला असे मानणारी ‘लिफो’ ही रीत दर चढत असताना नफा आणि कर आणखी कमी दाखवते. अमेरिकेत ती आजही चालते. आंतरराष्ट्रीय मानकाने मात्र २००३ च्या सुधारणेत ती काढून टाकली, आणि भारतातल्या मानकांतही तिला जागा नाही.

बाजारभावाची मर्यादा

कोणतीही रीत वापरली तरी शिल्लक माल किमतीला किंवा निव्वळ वसूल होणाऱ्या रकमेला, यांत जे कमी असेल त्याला धरावा लागतो. निव्वळ वसूल होणारी रक्कम म्हणजे विक्रीदरातून विकण्याचा खर्च वजा करून हाती उरणारे पैसे. दर चढता असताना ही अट सहसा आड येत नाही. दर अचानक वळला की तिचा फटका आधी फिफोला बसतो, कारण तिचा साठा शिखराच्या दराने लिहिलेला असतो. पहिल्या वर्षी मार्चअखेर तेल उतरून डब्याला निव्वळ २,१०० रुपयेच मिळणार असतील, तर फिफोचा २,२०० चा दर खाली आणून साठा ४,२०,००० रुपयांना लिहावा लागेल आणि २०,००० रुपयांचा तोटा त्याच वर्षी सोसावा लागेल. भारित सरासरीचा २,०२५ हा दर या मर्यादेच्या खालीच असल्यामुळे तो जागचा हलत नाही.

हिशेब कुठे चुकतो

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे दरांची साधी सरासरी. १,८००, १,९००, २,०५० आणि २,२०० यांची बेरीज करून चारने भागले की १,९८७ रुपये ५० पैसे येतात. यात १०० डब्यांच्या जुन्या साठ्याला ३०० डब्यांच्या आवकेइतकेच वजन मिळते. साठा ३,९७,५०० रुपयांचा दिसतो आणि नफा ७,५०० रुपयांनी कमी पडतो. भारित सरासरीत दराला नगांनी गुणणे हेच वजन असते.

दुसरी चूक फिफोतली आहे. सगळी शिल्लक शेवटच्या खरेदीच्या दराने लिहिली जाते. उरलेले डबे शेवटच्या आवकेपेक्षा कमी असतील तोवर उत्तर बरोबर येते. २०० ऐवजी ३५० डबे उरले असते, तर ३०० डबे २,२०० रुपयांनी आणि बाकीचे ५० डबे सप्टेंबरच्या २,०५० रुपयांनी धरून ७,६२,५०० रुपये व्हायला हवेत. सरसकट शेवटच्या दराने ते ७,७०,००० होतात आणि नफा विनाकारण फुगतो.

तिसरी चूक किमतीत काय धरायचे याची. गाडीभाडे आणि माल गोदामात आणण्याची हमाली डब्याच्या किमतीत मिळवायची असते, पुरवठादाराने दिलेली व्यापारी सूट वजा करायची असते, आणि ज्या जीएसटीचे क्रेडिट मिळते तो लेखापुस्तकांत मालाच्या किमतीत धरायचा नसतो. माल आल्यानंतरचे साठवणुकीचे भाडे आणि विक्रीचा खर्चही त्यात येत नाही.

चूक आहे की नाही हे दोन साध्या पडताळण्यांनी कळते. आरंभीचा साठा आणि खरेदी यांची बेरीज, विकलेल्या मालाची किंमत आणि अखेरचा साठा यांच्या बेरजेशी रुपयापर्यंत जुळली पाहिजे. दर सतत चढते असतील तर अखेरच्या साठ्याचा प्रति नग दर भारित सरासरीत सर्वांत जुन्या आणि सर्वांत नव्या दराच्या मध्ये पडला पाहिजे, आणि फिफोत तो सर्वांत नव्या दरापेक्षा वर जाता कामा नये. अखेरचा आकडा त्याहून वर दिसला, तर साठा खरेदीऐवजी विक्रीच्या दराने लिहिला गेला असण्याची शक्यता आधी तपासावी.

एकाच धंद्यातल्या दोन व्यापाऱ्यांची किंवा कंपन्यांची तुलना करताना आधी त्यांची साठ्याची रीत पाहावी लागते. कंपन्यांच्या वार्षिक अहवालात ती लेखा धोरणांच्या टिपांमध्ये दिलेली असते. रीती वेगळ्या असतील आणि वर्ष दरवाढीचे असेल, तर ढोबळ नफ्याच्या टक्क्यांतला फरक व्यापाराचा नसून मोजणीचाही असू शकतो. तो किती आहे हे ठरवायला दोन्ही वर्षअखेरींचा साठा, नगांची संख्या आणि शेवटच्या आवकेचा दर हे आकडे लागतात. त्यांवरून दरी रुंदावली की आकसली हे काढता येते, आणि तेवढी रक्कम बाजूला केल्यावर जो नफा उरतो त्याचीच तुलना न्याय्य ठरते.